बकरीचं निरसं दूध, ब्रुसेला आणि एक पूर्ण उकळी

पावसाळा सरता सरता नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि त्याच दिवसांत बकरीच्या दुधाला अचानक मागणी येते. एरवी ज्या घरात बकरीचं दूध कोणी तोंडाला लावत नाही, त्या घरची माणसं हिंगणा, कामठी, काटोल रोडकडे बकऱ्या पाळणाऱ्यांची घरं शोधत फिरतात. बकरीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सांगणारा वर एक अटही घालतो: दूध निरसंच प्यायचं, उकळलं की त्यातलं सत्त्व जातं.

या अटीमुळेच हा लेख लिहितो आहे. बकरीच्या दुधानं डेंग्यूतल्या प्लेटलेट वाढतात हे सिद्ध झालेलं नाही. ताप उतरल्यावर काही दिवसांत त्या बहुतेकांच्या आपोआपच वर येतात आणि श्रेय दुधाला मिळतं. तरीही कुणाला ते दूध द्यायचंच असेल तर द्यावं, पण उकळून. न उकळलेल्या बकरीच्या दुधातून येणारा एक आजार डेंग्यूपेक्षा कितीतरी जास्त काळ माणसाला अंथरुणाला खिळवतो. त्याचं नाव ब्रुसेलोसिस. जनावरांचे डॉक्टर त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

धडधाकट बकरीच्या दुधात जंतू येतात कुठून

लोकांची पहिली शंका असते ती स्वच्छतेची. गोठा झाडलेला आहे, कास धुतली आहे, भांडं घासलेलं आहे, मग दुधात जंतू कुठून येणार? बाहेरून पडणाऱ्या जंतूंसाठी ही शंका रास्त आहे. शेणातले, हातावरचे, भांड्यातले जंतू स्वच्छतेनं बरेच कमी होतात. ब्रुसेलाचं तसं नाही. तो कासेच्या आतूनच दुधात उतरतो.

जनावराच्या अंगात शिरल्यावर हा जंतू रक्तातल्या ज्या पेशी जंतूंना गिळतात त्यांच्याच पोटात जाऊन बसतो आणि तिथे जगतो. त्या पेशींबरोबर तो गर्भाशयात, कासेत आणि कासेजवळच्या गाठींत पोचतो. गर्भ असेल तर वारेत त्याची झपाट्यानं वाढ होते आणि गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यात जनावर गाभडतं. पुढची वेतं मात्र अनेकदा सुरळीत होतात. बकरी चारा खाते, रवंथ करते, दूध भरपूर देते. कासेला सूज नसते, दुधात गाठी नसतात, वासात आणि चवीत काही फरक नसतो. जंतू मात्र दुधातून येतच राहतात, तेही रोज सारखे नाहीत. काही दिवस येतात, काही दिवस येत नाहीत. त्यामुळे ‘आम्ही महिनाभर प्यालो, काही झालं नाही’ या अनुभवाचा उद्यासाठी काहीच उपयोग नाही.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं ते भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर, आणि तेही बकऱ्यांमुळेच. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो माणसात येतो कसा हे पुढे अठरा वर्षं कळलं नाही. 1905 मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या बकऱ्यांचं रक्त तपासलं आणि तो जंतू तिथे सापडला. 1906 मध्ये सैनिकांचं बकरीचं दूध बंद झालं आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं ओसरला. इतका उशीर लागण्याचं एक मोठं कारण हेच की बकऱ्या आजारी दिसतच नव्हत्या.

गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस ही जात आढळते, तर बकऱ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दोन्ही लागतात, पण बकरीवाली जात जास्त जोरकस आहे. थोड्या जंतूंनीही लागण होते आणि आजार अधिक तीव्र असतो. म्हणजे ज्या दुधाला लोक औषध समजून निरसं पितात, तेच या बाबतीत सगळ्यात धोक्याचं आहे.

दूध आणण्याआधी काय विचारावं

तपासणीच्या भरवशावर निरसं प्यावं असं मी कधीच सुचवणार नाही. पण रतीब लावण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत कळपातली एखादी बकरी किंवा गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली का? कुणाची वार अडकली होती का? बाजारातून नवीन जनावर आणून थेट कळपात सोडलं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या जनावरांचं रक्त तपासून घ्यायला सांगावं. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना त्यासाठी मार्ग दाखवतो, आणि नागपुरात तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

गाई-म्हशी असतील तर लसीबद्दलही विचारावं. 2019 पासून देशभर चाललेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारी यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा टोचतात. या लसीत बकऱ्या धरलेल्या नाहीत. कळप लहान असतो, बकऱ्या आठवडी बाजारात विकल्या-घेतल्या जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत घरातली उकळी हीच काय ती खरी भिंत.

आणखी एक वेळ सांभाळायची आहे, ती व्याल्यानंतरची. या काळात दुधातून जंतू सर्वाधिक येऊ शकतात, आणि नेमका तेव्हाच चीक मिळतो. त्याचा खरवस करताना वाफ मधल्या भागापर्यंत पोचली पाहिजे. सुरी मधोमध खुपसून बाहेर काढल्यावर तिला ओला चीक चिकटत असेल तर आतला भाग अजून शिजलेला नाही, झाकण ठेवून पुन्हा वाफवायचं.

ब्रुसेला किती उष्णतेत मरतो

हा जंतू बीजाणू धरत नाही, म्हणजे वाईट दिवस काढण्यासाठी लागणारं टणक कवच त्याच्याकडे नसतं. थंडी तो आरामात सोसतो. फ्रिजमध्ये टिकतो, बर्फात टिकतो, म्हणून कच्च्या दुधाची कुल्फी सुरक्षित होत नाही. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. डेअरीत दूध पाश्चराइज करताना ते 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 अंशांवर 15 सेकंद ठेवतात. तेवढ्यात ब्रुसेला मरतो, आणि जनावरांच्या क्षयाचे जंतू, साल्मोनेला, लिस्टेरिया हेही मरतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर आहे, म्हणून इथे पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे दुधाला नीट एक उकळी आली की ते गरजेच्या खूप वर गेलेलं असतं.

म्हणून ब्रुसेलासाठी दूध तीन-तीन वेळा उकळण्याची गरज नाही. एकच उकळी पुरते, पण ती सगळ्या दुधापर्यंत पोचायला हवी. घरात चूक होते ती इथे.

अर्धा लिटर दूध, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, सकाळी सातला बकरीचं अर्धा लिटर निरसं दूध घरी आलं. काढल्यापासून दोन तासांच्या आत ते गॅसवर जायला हवं, आणि एप्रिल-मे असेल तर त्याहूनही लवकर. या घाईचं कारण पुढे येईल.

दूध ज्या गाळणीनं गाळलं आणि ज्या भांड्यात आलं, ती दोन्ही आता कच्च्या बाजूची झाली. त्यांना साबणानं घासून गरम पाण्यानं विसळेपर्यंत उकळलेल्या दुधाजवळ येऊ द्यायचं नाही. निरसं दूध गाळलेल्या गाळणीतून नंतर उकळलेलं दूध गाळलं तर सगळी मेहनत वाया जाते, आणि असं घरोघर होतं.

दूध गंजात ओतावं आणि गंज निम्म्याहून जास्त भरू नये. मध्यम आचेवर ठेवून चमच्यानं अधूनमधून तळापर्यंत ढवळत राहावं. बकरीचं दूध पटकन तळाला लागतं, आणि लागलं की लोक घाबरून गॅस बंद करतात. कडेला बारीक बुडबुडे दिसले, वाफ यायला लागली, म्हणजे उकळी झाली असं नाही. दूध सगळ्या पृष्ठभागावर एकदम फुलून वर चढायला लागेल तेव्हा आच कमी करायची, ढवळून ते खाली बसवायचं आणि बुडबुडे चालू असतानाच आणखी एक-दोन मिनिटं ठेवायचं.

या दोन मिनिटांत फेसाकडे लक्ष द्यावं. फेसात हवा असते, त्यामुळे खालचं दूध उकळत असताना वरचा फेस बराच थंड राहू शकतो. टाकीत दूध पाश्चराइज करणाऱ्या डेअऱ्यांमध्ये म्हणूनच दुधाच्या वरची हवाही मुद्दाम वेगळी तापवतात. घरी फेस ढवळून दुधात मिसळला आणि ओतताना गंजाच्या काठावर उडालेले थेंब चमच्यानं खाली ओढून घेतले की तेच काम होतं.

शिट्टीचा दुहेरी भिंतीचा कुकर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. शिट्टी बाहेरच्या पाण्याची असते, दुधाची नव्हे. शिट्टीनंतर मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेवावं आणि मध्ये एकदा ढवळावं. मायक्रोवेव्हवर मात्र या कामासाठी माझा विश्वास नाही. तो दूध सारखं तापवत नाही. एका बाजूला ऊतू जातं तेव्हा दुसऱ्या बाजूला ते कोमटही असू शकतं. शंका राहत असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर मधोमध बुडवून बघावा. ढवळल्यावर 90 च्या वर आकडा दिसला की ब्रुसेलाचा प्रश्न संपला.

आता थंड करायचं. गंज झाकून, माठातलं थंड पाणी भरलेल्या परातीत ठेवावा आणि पाणी तापलं की बदलावं. मे महिन्यात आपल्या नळालाच गरम पाणी येतं, त्या दिवसांत परातीत थोडा बर्फ टाकावा. दोन तासांच्या आत दूध फ्रिजमध्ये जायला हवं. संध्याकाळी नवीन निरसं दूध आलं तर सकाळच्या उकळलेल्या दुधात ते ओतू नये. दोन्ही मिसळली तर मिसळलेलं सगळं दूध पुन्हा उकळावं लागेल.

उकळीनं काय जात नाही

उकळल्यावर मेलेले जंतू दुधातच राहतात, पण ते काही करू शकत नाहीत, त्यामुळे ती चिंता नको. चिंतेची गोष्ट वेगळी आहे. काही जंतू मरण्याआधी दुधात विष सोडून जातात आणि ते विष उकळीला दाद देत नाही.

कासदाह झालेल्या, म्हणजे ज्याला आपण दगडी म्हणतो त्या कासेतून, किंवा दूध काढणाऱ्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू दुधात येतो. थंड दुधात त्याची वाढ मंद असते. 42 अंशांच्या दुपारी गाडीच्या हँडलला लटकलेल्या किटलीत तो तीन-चार तासांत प्रचंड वाढतो आणि विष तयार करतो. घरी आल्यावर दूध उकळलं की जंतू मरतो, विष राहतं. असं दूध प्यायल्यावर एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या आणि पोटात मुरडा सुरू होतो. मघाशी दोन तासांचं जे बोललो ते यासाठी. उशीर झालेलं दूध जास्त वेळ उकळून सुधारत नाही.

उकळताना दूध फाटलं तर ते बराच वेळ उबेत पडून आंबट झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. फेकवत नाही म्हणून त्याचं पनीर करण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या पनीरमध्ये ब्रुसेला उरलेला नसेल, पण दूध फाटण्याआधी विष तयार झालं असेल तर ते पनीरमध्येही असतं. लहान मुलांना आणि आजारी माणसाला तरी असं पनीर देऊ नये.

बीजाणू धरणारे जंतूही उकळीतून वाचतात. बॅसिलस सिरियस त्यांपैकी एक. त्याचे बीजाणू गरम दुधात तग धरतात आणि दूध ओट्यावर रात्रभर कोमट राहिलं की उगवतात. दूध लवकर थंड करण्याचा आग्रह त्यासाठी. बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरलेलं अफ्लाटॉक्सिन, जनावराला टोचलेल्या प्रतिजैविकांचा अंश, भेसळीतला युरिया यांना गॅसवर काही होत नाही. उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच. त्यांचा बंदोबस्त गोठ्यात आणि तपासणीतच व्हायला हवा.

सत्त्वाचं म्हणाल तर प्रथिनं, चरबी आणि कॅल्शियम उकळीनंतरही मिळतात. क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. दूध तासभर आटवत ठेवलं तर जास्त कमी होतात, दोन मिनिटांच्या उकळीत थोडीच. शिवाय क जीवनसत्त्वासाठी दुधावर विसंबायचं कारण नाही, एका संत्र्यात ते कितीतरी जास्त असतं.

निरसं दूध नकळत कुठे पोटात जातं

चहात, खिरीत, बासुंदीत दूध उकळतंच. सुटतं ते दुसरीकडे. पंचामृतात बऱ्याच घरी निरसं दूधच घालतात आणि ते तीर्थ म्हणून घरातल्या बाळंतिणीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातावर पडतं. उकळून गार केलेलं दूध पंचामृतात घालायला काहीच अडचण नाही. श्रावणात आणि महाशिवरात्रीला अभिषेकाचं जमा झालेलं दूध प्रसाद म्हणून वाटायचं असेल तर तेही आधी उकळावं.

निरशा दुधाला विरजण लावून केलेलं दहीही सुरक्षित धरू नये. आंबटपणानं ब्रुसेला कमी होतो, पण किती दिवसांत आणि पूर्णपणे मरेल याचा भरवसा नसतो. निरशा दुधावरची साय त्याहून वाईट, कारण साय वर चढताना तिच्याबरोबर हे जंतूही वर येतात. आपल्या घरी साठते ती उकळलेल्या दुधाची साय. तिच्या लोण्याला हा धोका नाही.

पाकिटातलं दूध पाश्चराइज केलेलं असतं. ते सतत थंड राहिलं असेल तर ब्रुसेलासाठी पुन्हा उकळायची गरज नाही. पण दुकानात डेअरी अशी पाटी लावून मापानं विकलं जाणारं सुटं दूध पाश्चराइज केलेलं असेलच असं नाही. ते निरसंच समजावं.

निरसं दूध पिऊन झालं असेल तर

एक उदाहरण घेऊ. तिशीतल्या एका माणसाला सप्टेंबरच्या मध्यात डेंग्यू झाला. घरच्यांनी पाच दिवस कप-कप बकरीचं निरसं दूध दिलं. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, सगळे खूश. ऑक्टोबरच्या मध्यात त्याला संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. रात्री घामानं बनियन भिजायचं, सकाळी बरं वाटायचं, पण कंबर आणि मांडीचा सांधा दुखायचा. टायफॉइड समजून आठवडाभर गोळ्या झाल्या, ताप गेला आणि दिवाळीच्या सुमारास परत आला. भूक मेली, वजन उतरलं, एका अंडकोषाला सूज आली. आता क्षयाच्या तपासण्या सुरू झाल्या. महिन्यापूर्वीचं दूध कुणाच्या लक्षातही नाही.

ब्रुसेलोसिस असाच फसवतो. लक्षणं साधारण एक ते चार आठवड्यांत दिसतात, कधी काही महिन्यांनीही. ताप लाटांसारखा चढ-उतार करतो आणि टायफॉइड, मलेरिया, क्षय या सगळ्यांची नक्कल करतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं: अमुक तारखांना बकरीचं किंवा गाईचं निरसं दूध प्यालो होतो. या एका वाक्यानं तपासण्यांची दिशा बदलते. रक्तात ब्रुसेलाविरुद्धची प्रतिपिंडं बघणाऱ्या चाचण्या असतात, आणि रक्ताचं कल्चरही करतात. कल्चर पाठवताना ब्रुसेलाची शंका आहे हे प्रयोगशाळेला आवर्जून कळवायला सांगावं. हा जंतू हळू वाढतो, आणि तिथे काम करणाऱ्यांनाही हवेतून लागू शकतो.

उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिनबरोबर दुसरं एक प्रतिजैविक, किमान सहा आठवडे देतात. गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी औषधं वेगळी असतात. गरोदरपणात या आजारानं गर्भपाताचाही धोका असतो, त्यामुळे तिथे थांबून वाट बघू नये. दहा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की पेशींच्या आत लपलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. मणका किंवा हृदयाची झडप धरली असेल तर औषधं आणखी लांबतात.

निदान पक्कं झालं तर त्याच बकरीचं दूध घरात आणखी कोण प्यालं याची यादी करावी आणि ताप, घाम, सांधेदुखी असलेल्यांना डॉक्टरांकडे न्यावं. बकरीवाल्यालाही सांगावं, पण त्याला दोषी ठरवून नव्हे. तो आणि त्याच्या घरचे आपल्यापेक्षा जास्त धोक्यात आहेत. दूध उकळल्यानं पिणारा वाचतो, पण व्याताना हात घालणारा, पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलणारा वाचत नाही. त्याला हातमोजे आणि तोंडाला कापड लागेल. पडलेला गर्भ कुत्र्यांना न टाकता चुना घालून खोल पुरावा लागेल, आणि कळपातल्या प्रत्येक बकरीचं रक्त तपासून घ्यावं लागेल.